उन्हासाठी लवकर, धुरासाठी उशिरा: क्रीडा दिनाच्या सूचनेचं एक प्रकरण

मी शाळेत खेळ शिकवते, आणि पालकांना जाणाऱ्या मैदानासंबंधीच्या सूचना बहुतेक वेळा माझ्याकडूनच लिहून घेतल्या जातात. हे प्रकरण एकाच क्रीडा दिनाचं आहे, ज्यात तीन दिवसांत पालकांना तीन सूचना गेल्या. पहिलीमुळे गोंधळ झाला, दुसरी बरी होती पण दुसऱ्याच दिवशी निकामी झाली, तिसरी टिकली. उन्हामुळे किंवा खराब हवेमुळे कार्यक्रम बदलायची वेळ आता वरचेवर येतेय, आणि "प्रतिकूल हवामानामुळे" एवढं लिहून भागत नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

मूळ कार्यक्रम शनिवारी सकाळी नऊ ते दुपारी दोन. आधी संचलन, मग लहान गटाच्या मजेच्या शर्यती, मग 100 मीटर, 200, 400, 800, रिले, आणि शेवटी रस्सीखेच. मुलं साधारण सहाशे. बुधवारी सकाळी अंदाज आला की शनिवारी पारा 36 च्या पुढे जाणार आणि हवेत दमटपणाही राहणार. ऑफिसमधून लगेच पालकांना मेसेज गेला: "प्रतिकूल हवामान लक्षात घेता क्रीडा दिनाच्या कार्यक्रमात आवश्यक ते बदल करण्यात येत आहेत. पालकांनी सहकार्य करावे."

दुपारपर्यंत ऑफिसचा फोन खाली ठेवता येईना. सकाळी किती वाजता सोडायचं, डबा द्यायचा का, 800 मीटर होणार का नाही, दम्याच्या मुलाला पाठवू का, बस नेहमीच्याच वेळेला येणार का. यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर मेसेजमध्ये नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तेव्हा ते शाळेकडेही नव्हतं. निर्णय व्हायच्या आधीच सूचना गेली होती. पालकांना काळजी कळते, पण त्यांना रात्री गजर किती वाजताचा लावायचा हे कळायला हवं असतं. ते सांगता येत नसेल तर निदान "निर्णय आज संध्याकाळी सहा वाजता कळवू" एवढं तरी लिहावं, फोन निम्मे कमी होतात.

मग आम्ही बसलो, मुख्याध्यापिका मॅडम, ऑफिसमधले दोघं, मी आणि शाळेच्या नर्स. पहिला प्रश्न असा की किती गरम म्हणजे जास्त गरम. इथे बहुतेक लोक फोनवरचं तापमान बघतात आणि तिथेच फसतात, कारण फोनवरचा आकडा सावलीतला असतो आणि त्यात दमटपणा, थेट ऊन, वारा यांचा हिशोब नसतो. मैदानासाठी जे माप वापरतात त्याला डब्ल्यूबीजीटी म्हणतात. तीन थर्मामीटरचं मिश्रण असतं ते. ओल्या कापडात गुंडाळलेल्या थर्मामीटरला 70 टक्के वजन, काळ्या गोळ्यातल्याला 20 टक्के आणि साध्या हवेच्या तापमानाला फक्त 10 टक्के. ओल्या थर्मामीटरला एवढं वजन का, तर घाम वाळतोय की नाही हे तोच सांगतो, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होतच नाही. म्हणून कोरड्या हवेतल्या 38 अंशापेक्षा दमट हवेतले 34 अंश पळणाऱ्या मुलासाठी जास्त वाईट असू शकतात. पालकांना हे समजावून सांगितलं तर पटतं, पण सूचनेत हे शास्त्र घालायचं नाही, सूचनेत फक्त त्यातून निघालेला निर्णय घालायचा.

आमच्याकडे हातात धरायचं डब्ल्यूबीजीटी मीटर आहे. ते वापरतानाही एक चूक सर्रास होते, मीटर धरणारा माणूस सावलीला मांडवात उभा राहतो. काळ्या गोळ्यावर ऊनच पडलं नाही तर आकडा कमीच येणार. मुलं जिथे पळणार तिथे, उन्हात, छातीच्या उंचीवर ठेवायचं, थोडा वेळ स्थिर होऊ द्यायचं आणि मग वाचायचं. सिमेंटच्या कोर्टवर आणि गवतावर वेगळा आकडा येतो, आणि कृत्रिम गवतावर तर पृष्ठभाग हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो, त्यामुळे लहान मुलं बसणार तिथेही हात लावून बघायचं.

रेषा कुठे आखायची यावर बराच वेळ गेला. अमेरिकेतल्या गरम भागातल्या अनेक राज्यांत शालेय खेळांचे जे नियम आहेत त्यात साधारण 33.3 च्या पुढे मैदानावरचा सराव पूर्ण बंद करतात. पण ते नियम अशा खेळाडूंसाठी आहेत जे उन्हात रोज सराव करून सरावलेले असतात. शरीराला उन्हाची सवय व्हायला साधारण 10 ते 14 दिवस लागतात, आणि आमची बहुतेक मुलं अख्खा दिवस वर्गात बसलेली. म्हणून आम्ही आमच्यापुरती खालची रेषा धरली, 28 पर्यंत सगळं, 28 ते 30 मध्ये फक्त छोट्या शर्यती आणि जास्त विश्रांती, 30 झालं की थांबायचं. ही आमची शाळेची रेषा आहे, कुठल्या पुस्तकातली नाही, दुसऱ्या शाळेने आपल्या मुलांकडे आणि आपल्या हवेकडे बघून आपली आखावी.

आता कार्यक्रम बदलताना बहुतेकांच्या डोक्यात पहिलं येतं की लांब शर्यती काढून टाकू आणि झालं. ते बरोबर आहे पण अर्धंच. 100 मीटर पळायला मुलाला वीस सेकंद लागतात. पण त्या वीस सेकंदांसाठी ते मूल हीटची, म्हणजे आपल्या तुकडीच्या फेरीची, वाट बघत उन्हात रांगेत किती वेळ उभं असतं ते कोणी मोजतं का. आमच्या जुन्या वेळापत्रकात एका इयत्तेच्या सगळ्या हीट संपेपर्यंत सगळे तिथेच थांबायचे, पाऊण तास सहज. संचलनाचंही तेच, आधी रांगा लावायच्या, मग पाहुण्यांची वाट बघायची, मग भाषण, आणि बॅन्डची मुलं जाड कापडाच्या पूर्ण बाह्यांच्या ड्रेसमध्ये. दरवर्षी चक्कर येऊन पडणारी मुलं या रांगेतलीच असतात, पळणारी क्वचित. त्यामुळे आम्ही ठरवलं की संचलन रद्द, भाषण स्पीकरवरून दोन मिनिटं, आणि प्रत्येक इयत्तेने आपल्या वेळेलाच वर्गातून मैदानात यायचं, शर्यत झाली की परत वर्गात. यात फक्त आमच्या कष्टात भर पडते, मुलांचं काहीच जात नाही.

बुधवारी संध्याकाळी दुसरी सूचना गेली. वेळ सात ते साडेदहा, संचलन रद्द, 800 मीटर पहिल्यांदा म्हणजे सव्वासातला, रस्सीखेच नाही, पाण्याची बाटली, टोपी, हलक्या रंगाचे सुती कपडे, बस तासभर आधी. फोन जवळजवळ थांबले. सगळं नीट चाललं होतं.

गुरुवारी रात्री जवळच्या डोंगराला वणवा लागला.

शुक्रवारी सकाळी शाळेत येताना लांबची झाडं दिसत नव्हती आणि हवेला जळकट वास होता. सात वाजता शाळेतल्या सेन्सरवर पीएम 2.5, म्हणजे धुरातले सगळ्यात बारीक कण, घनमीटरला 110 मायक्रोग्रॅमच्या आसपास. आणि आम्ही बुधवारीच सहाशे मुलांना शनिवारी सकाळी सातला मैदानात बोलावलं होतं.

या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. उन्हावरचा उपाय आणि धुरावरचा उपाय घड्याळाच्या उलट दिशांना असतात. रात्री जमिनीलगतची हवा थंड होते आणि वरच्या गरम हवेखाली अडकून बसते, त्यामुळे धूर, धूळ, गाड्यांचा धूर सगळं खालीच साचतं आणि पहाटे ते सकाळी आठपर्यंत सगळ्यात दाट असतं. ऊन चढलं की जमीन तापते, हवा वर-खाली घुसळली जाते आणि धूर पातळ होतो. म्हणजे "ऊन आहे, सकाळी लवकर घेऊ" हा नेहमीचा शहाणपणाचा निर्णय धुराच्या दिवशी मुलांना सगळ्यात वाईट हवेत पळवतो. उलट ओझोनचं प्रदूषण असेल तर ते उन्हातच तयार होतं आणि दुपारी वाढतं, तेव्हा सकाळ बरी. म्हणून "हवा खराब आहे" एवढ्याने काही ठरत नाही, कशाने खराब आहे ते आधी बघायचं. ॲपमध्ये मुख्य प्रदूषक कोणता ते लिहिलेलं असतं, पण तिकडे कोणी बघत नाही, सगळे फक्त मोठा आकडा आणि रंग बघतात.

शुक्रवारी मी दिवसभर दर तासाला दोन आकडे एका कागदावर लिहीत गेले, धुराचा आणि उन्हाचा. सातला धूर 110, आठला 84, नऊला 57, दहाला 46, बाराला 38. ऊन उलट, आठला डब्ल्यूबीजीटी 26 च्या आत, नऊला 27 च्या पुढे, दहाला 29, पावणेअकराला 30 ला टेकलं. कागदावर दोन्ही रकाने शेजारी आले तेव्हा दिसलं की आपल्याकडे नऊ-सव्वानऊ ते पावणेअकरा एवढीच फट आहे, दीड तास. त्या आधी धूर, त्या नंतर ऊन.

धुराची रेषा आम्ही अशी धरली होती की ताशी आकडा 55 च्या वर असेल तर मैदानात कोणीच पळणार नाही, 35 ते 55 मध्ये फक्त छोट्या शर्यती आणि दमा किंवा हृदयाचा त्रास असलेली मुलं पळणार नाहीत. हे आकडे अमेरिकेच्या एक्यूआयच्या, म्हणजे हवेच्या गुणवत्तेच्या निर्देशांकाच्या, पायऱ्यांवरून घेतले, तिथे साधारण 35 ला "संवेदनशील लोकांसाठी वाईट" सुरू होतं आणि 55 ला "सगळ्यांसाठीच वाईट". त्या पायऱ्या खरं म्हणजे 24 तासांच्या सरासरीसाठी आहेत, ताशी आकड्याला लावल्या की तो अंदाजच असतो, पण क्रीडा दिनाला 24 तासांची सरासरी घेऊन करायचं काय. सरासरीत कालची स्वच्छ संध्याकाळ पण मिसळलेली असते. आत्ता श्वासात काय जातंय ते ताशी आकडाच सांगतो.

इथेच एका बाबांचा मेसेज आला, सोबत ॲपचा स्क्रीनशॉट, "इथे तर हवा समाधानकारक दाखवतंय, शाळा उगाच घाबरतेय." दुसऱ्या एका आईने त्याच मिनिटाला दुसऱ्या ॲपचा स्क्रीनशॉट टाकला, लाल रंग, "मुलांना घराबाहेर काढू नका." दोघंही खरं बोलत होते. एक्यूआय हा जगभर एकच नाहीये. पीएम 2.5 जर 60 असेल तर भारताच्या मोजपट्टीवर त्याचा एक्यूआय 100 येतो, "समाधानकारक"ची शेवटची कडा, आणि अमेरिकेच्या मोजपट्टीवर तीच हवा 150 च्या वर जाते, लाल. हवा एकच, कण तेवढेच, पट्ट्या वेगळ्या. कुठलं ॲप कुठली पट्टी वापरतं हे पालकांना माहीत असायचं कारण नाही. म्हणून सूचनेत "एक्यूआय 150 च्या वर गेला तर" असं कधीच लिहू नये. कणांचा थेट आकडा घ्यावा आणि कुठल्या यंत्रावरचा ते सांगावं, मग वाद उरत नाही. (स्वस्त सेन्सर दमट हवेत, धुक्यात थोडा जास्त आकडा दाखवतात, म्हणून आम्ही जवळच्या सरकारी केंद्राच्या आकड्याशी ताळा करून बघितला. दिशा तीच होती.)

मॅडम म्हणाल्या, "मग हॉलमध्ये घेऊया का, दोन्ही प्रश्न सुटतील." सगळ्यांना हे पटकन सुचतं आणि उन्हासाठी ते ठीकही आहे, पण धुरासाठी मी आधी मोजून बघितलं. बाहेर 70 असताना हॉलमध्ये 61. आमच्या हॉलला जाळीच्या खिडक्या आहेत, हवा गाळायची काही सोय नाही, धूर सरळ आत येतो. खिडक्या बंद केल्या तर दोनशे मुलं, बंद जागा, वरून पत्रा, आणि पळापळ, म्हणजे उन्हाचा प्रश्न हॉलमध्येच तयार केला. ज्या शाळेत गाळणी लावलेली हवा आहे त्यांनी हॉल वापरावा, आम्हाला तो फक्त वाट बघण्यापुरता उपयोगी होता. मास्कचाही प्रश्न आला. कापडी मास्क या बारीक कणांना नीट अडवत नाही, आणि जो अडवतो तो लावून लहान मुलाने शर्यत पळायची हे मला अजिबात मान्य नाही. हवा इतकी वाईट असेल की मास्क लागतो, तर शर्यत नको.

शुक्रवारी दुपारी चारला तिसरी सूचना गेली. ती जशीच्या तशी देते.

> सूचना क्र. 3, शुक्रवार, दुपारी 4.00. बुधवारची सूचना (क्र. 2) आता लागू नाही.
>
> नमस्कार पालकहो,
>
> उद्या शनिवारी क्रीडा दिन सकाळी 9 ते 10.45 या वेळेत होईल. बस नेहमीच्या शनिवारच्या वेळेलाच येतील. मुलांना 11.15 ला सोडू.
>
> का बदललं: वणव्याचा धूर सकाळी आठपर्यंत दाट असतो आणि अकरानंतर ऊन जास्त असतं. मधलाच वेळ मुलांना पळायला बरा आहे.
>
> उद्या होणार: लहान गटाच्या सर्व शर्यती, 100 मीटर, 200 मीटर, 4 × 100 रिले.
>
> उद्या होणार नाही, पुढे घेऊ: 400 मीटर, 800 मीटर, रस्सीखेच. या स्पर्धांची तारीख पुढच्या शुक्रवारपर्यंत कळवू. गटाचे गुण त्या झाल्यावरच जाहीर होतील.
>
> रद्द: संचलन, पालकांची शर्यत.
>
> दमा, हृदयाचा त्रास, किंवा गेल्या आठवड्यात ताप, जुलाब, उलट्या झाल्या असतील तर मुलाने उद्या पळू नये. त्याला शाळेत पाठवलंत तर वर्गात बसून गुण लिहिण्याचं काम देऊ, घरी ठेवलंत तरी चालेल. गैरहजेरी लागणार नाही, गुण कापले जाणार नाहीत. इन्हेलर असेल तर नाव लिहून मुलाच्या दप्तरात द्या आणि वर्गशिक्षकांना तसं कळवा. नियमित औषध चालू असेल तर उन्हात पळण्याबद्दल डॉक्टरांना विचारा.
>
> सोबत द्या: भरलेली पाण्याची मोठी बाटली, टोपी, हलके सैल कपडे. वेशभूषा, ब्लेझर नको.
>
> उद्या सकाळी 6.45 ला शेवटचा मेसेज येईल: "होणार" किंवा "आज नाही". मेसेज आला नाही तर फाटकावरचा फळा पाहा किंवा ऑफिसला फोन करा.
>
> मैदानावर धुराचा आकडा (शाळेच्या यंत्रावर, पीएम 2.5) 55 च्या वर असेल तर मुलं वर्गात थांबतील. 9.30 पर्यंत तो खाली आला नाही तर शर्यती होणार नाहीत, मुलं 11.15 लाच सुटतील. उन्हाचा आकडा 30 झाला की ज्या शर्यती राहिल्या असतील त्या तिथेच थांबवू.

या सूचनेतल्या काही गोष्टींबद्दल बोलायला हवं. सूचनेचा क्रमांक आणि "आधीची लागू नाही" हे पहिल्या ओळीत आहे, कारण पालकांच्या ग्रुपवर सूचना स्क्रीनशॉट होऊन फिरतात आणि बुधवारचा स्क्रीनशॉट शनिवारी सकाळीही फिरत असतो. क्रमांक नसेल तर सात वाजता फाटकावर आठ-दहा मुलं उभी राहतातच.

दुसरं, सुटायची वेळ काहीही झालं तरी 11.15. आमच्यात यावर वाद झाला. ऑफिसचं म्हणणं होतं की शर्यती झाल्या नाहीत तर लवकर सोडावं. पण नोकरीवर गेलेल्या आईबाबांना दहा वाजता "मुलाला न्यायला या" असा मेसेज आला तर ते काय करणार, आणि मूल मग त्याच धुरात फाटकाबाहेर थांबणार. म्हणून मुलं येतील ती 11.15 पर्यंत आतच, शर्यत होवो न होवो.

तिसरं, दम्याच्या मुलांना पाठवायचं का नाही हे पालकांवर सोडलं पण पळायचं नाही हे शाळेने ठरवलं. आधी मसुद्यात होतं "पालकांनी योग्य तो निर्णय घ्यावा." ते मी काढायला लावलं. योग्य निर्णयाची रेषा आकड्यावर शाळेने आखली असेल तर तिची जबाबदारी पालकांवर टाकायची नाही, नाहीतर मूल "सगळे पळतायत, मी पण पळणार" म्हणून रडतं आणि आईबाबा शेवटी हो म्हणतात. शाळेने सरळ नाही म्हटलं की त्यांची सुटका होते. आणि "गुण कापले जाणार नाहीत" हे लिहिलंच पाहिजे, कारण मुलं स्वतःच लपवतात. एका मुलाने मागे इन्हेलर घरी ठेवला होता, मित्रांना कळू नये म्हणून.

800 मीटरबद्दल एका मुलीच्या बाबांनी फोन केला, चिडलेले होते. मुलगी दोन महिने रोज सराव करत होती. त्यांना मी कागदावरचे दोन रकाने वाचून दाखवले आणि सांगितलं की 100 मीटरमध्ये मूल वीस सेकंद जोरात श्वास घेतं, 800 मध्ये तीन-चार मिनिटं सलग, तोंडाने, खोल, आणि त्यात धुराचे कण छातीत जास्त खोल जातात, शिवाय अंग तापायलाही तेवढा वेळ मिळतो. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "मॅडम, पण नक्की होणार ना नंतर?" म्हणूनच सूचनेत तारीख कधी कळणार ते लिहिलं होतं आणि गटाचे गुण तोवर जाहीर करायचे नाहीत असंही. गुण जाहीर करून टाकले असते तर नंतरच्या 800 ला कोणी विचारलं नसतं.

शनिवारी पावणेसातचा मेसेज पाठवताना धूर 95 होता. तेव्हाच्या आकड्यावर निर्णय घेतला असता तर रद्दच करावं लागलं असतं. पण शुक्रवारचा उतार समोर होता, आभाळ निरभ्र होतं, अंदाजात वारा नऊनंतर वाढणार होता, म्हणून "होणार, 9 वाजता, आधी मैदानात आकडा बघून" असा मेसेज गेला. ढगाळ सकाळ असती तर मी "आज नाही" म्हटलं असतं, कारण ऊन नसेल तर जमीन तापत नाही, हवा घुसळली जात नाही आणि धूर दुपारपर्यंत तसाच बसून राहतो.

मुलं थेट वर्गात गेली. 8.50 ला मैदानात 58. सगळे माझ्याकडे बघत होते, एक शिक्षक म्हणाले तीनचा तर फरक आहे. आम्ही थांबलो. 9.15 ला 49, सुरू केलं. लहान गट आधी, म्हणजे त्यांचं ऊन चढायच्या आत संपेल. खरं तर धूर त्याच वेळी जरा जास्त होता, पण लहान गटाच्या शर्यती वीस-तीस पावलांच्या, श्वास फार लागत नाही, आणि दाटीवाटीने उन्हात बसवून ठेवणं त्यांना जास्त बाधलं असतं. नर्सताई मैदानाच्या कडेला टबात बर्फाचं पाणी घेऊन बसल्या होत्या. कोणी पडलं आणि बरळायला लागलं, नाव-गाव नीट सांगेना, तर उष्माघात समजून आधी जागेवरच गार पाण्यात बसवायचं, ॲम्ब्युलन्सला फोन दुसऱ्याने करायचा, गार करणं थांबवून गाडीची वाट बघायची नाही, हे सगळ्या शिक्षकांना आदल्या दिवशी सांगितलेलं होतं. तशी वेळ आली नाही. तिसरीतल्या एका मुलीला खोकला सुरू झाला, ती दम्याच्या यादीत नव्हती, तिला आत नेलं, आईला फोन केला. संध्याकाळी आईने कळवलं की लहानपणी तिला घरघर व्हायची, फॉर्मवर लिहिलं नव्हतं. त्यानंतर फॉर्ममधला "दमा आहे का" हा प्रश्न बदलून "कधीही घरघर, धाप, रात्रीचा खोकला किंवा इन्हेलर लागला आहे का" असा केला, कारण पुष्कळ घरांत दमा हे नाव घेतच नाहीत.

10.40 ला मीटरवर 30.2 आलं आणि थांबवलं. रिलेच्या मोठ्या गटाच्या दोन हीट राहिल्या होत्या. मुलं नाराज झाली, काही पालक कुंपणापाशी आले, "पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे." सूचनेतली शेवटची ओळ इथे कामाला आली. आदल्या दिवशी लिहून दिलं होतं की 30 ला थांबवू, त्यामुळे तो त्या क्षणी कुणा एका सरांचा किंवा मॅडमचा हट्ट वाटला नाही, आणि कोणी फार ताणलं नाही.

राहिलेल्या हीट, 400, 800 आणि रस्सीखेच पंधरवड्यानंतर घेतल्या, धूर गेल्यावर, सकाळी सातला. त्यासाठी सूचना क्र. 4 गेली, चार ओळींची. त्यात तारीख, वेळ, कोणत्या इयत्ता, आणि पावणेसहाला शेवटचा मेसेज येईल एवढंच होतं.